चष्मा आणि ओव्हर-इअर हेडफोन: कानशील का दुखते, आवाज कुठून गळतो, काडीला कोणते कुशन मानवते

प्रश्न: मी घरून काम करते. दिवसातले पाच-सहा तास नॉईज कॅन्सलिंगचे वायरलेस ओव्हर-इअर हेडफोन कानावर असतात. हेडफोन तीन वर्षांपूर्वी घेतलेले. चष्मा प्रोग्रेसिव्ह नंबरचा, फ्रेम अ‍ॅसिटेटची, काड्या जाड. तासाभरात कानाच्या वर ठणकायला लागतं, आणि पंख्याची घरघर हल्ली जास्त ऐकू येते. चष्मा काढला की दोन्ही त्रास थांबतात, पण मग स्क्रीन दिसत नाही. हेडफोन बदलू की चष्मा? आणि बदलायचं तर निवडताना काय बघू?

उत्तर:

आधी हेडफोनची कुशन बदला. त्याने पुरेसा फरक पडला नाही, तर स्क्रीनसमोर बसण्यासाठी पातळ काडीची दुसरी फ्रेम करा. नवे हेडफोन हा शेवटचा उपाय. मी हेडफोन दुरुस्त करतो आणि त्यांची मोजणीही करतो. चष्मेवाल्यांच्या तक्रारींत बहुतेक वेळा हाच क्रम कामी येतो. तो असा का, हे समजलं तर दुकानात हेडफोन हातात घेऊन तुम्हालाच निर्णय करता येईल.

ठणक्यापासून सुरुवात करू. हेडफोनचा बँड म्हणजे एक स्प्रिंग. तो दोन्ही कप डोक्यावर दाबून धरतो. बहुतेक ओव्हर-इअर हेडफोनमध्ये हा दाब एका बाजूला साधारण पाच न्यूटनच्या आसपास असतो, म्हणजे कानावर अर्धा किलो वजन ठेवल्यासारखा. ऐकायला जास्त वाटतं, पण कुशनचं कडं रुंद असतं. बाहेरून दहा बाय आठ सेंटिमीटर आणि आतून सहा बाय चार, असं लंबगोल कडं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. अर्धा किलो त्यावर पसरला की एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ११ ग्रॅम. एवढ्या दाबाने कुणाला काही होत नाही.

आता त्या कड्याखाली काडी आली. काडी कडक असते, दबत नाही. फोम आजूबाजूला डोक्याला टेकण्याआधी काडीला टेकतो, आणि त्या अर्ध्या किलोतला मोठा वाटा काडीवरून थेट हाडावर उतरतो. पाचवा हिस्सा, म्हणजे १०० ग्रॅम, चार मिलिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर लांब पट्टीवर पडला असं समजा. ती जागा होते ०.८ चौरस सेंटिमीटर, आणि दाब चौरस सेंटिमीटरला १२५ ग्रॅम. एकूण जोर तोच, पण त्या एका रेघेवर दाब दसपटीहून जास्त. कानाच्या वर आणि कानशिलाच्या मागच्या भागात कातडी पातळ असते आणि खाली लगेच हाड लागतं. हेडफोन काढल्यावर तिथे काडीच्या आकाराचा लालसर वळ दिसतो तो यामुळेच.

या दुखण्याला वैद्यकीय वर्गीकरणात स्वतःची जागा आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाहेरच्या दाबाने होणारी डोकेदुखी हा वेगळा प्रकार नोंदलेला आहे. दाब सुरू झाल्यापासून तासाभरात ती सुरू होते, दाबाच्या जागी सर्वाधिक जाणवते आणि दाब काढल्यावर तासाभरात जाते. तुमचं वर्णन याला तंतोतंत जुळतं. हेडफोन काढून तास उलटला तरी डोकं दुखत राहिलं, किंवा दुखणं दाबाच्या जागेपासून दूर असलं, तर कारण दुसरं आहे आणि ते डॉक्टरांकडेच कळेल.

इथे एक गल्लत होते ती सांगतो. नॉईज कॅन्सलिंग सुरू केल्यावर काहींना कानात दडे बसल्यासारखं वाटतं, घाटात गाडी चढताना होतं तसं. त्यालाही लोक प्रेशरच म्हणतात, पण त्याचा काडीशी संबंध नाही. नॉईज कॅन्सलिंग बंद करून बघा. जाणीव लगेच गेली तर ती तीच. ठणका तसाच राहिला तर तो काडीचा.

आता गळती. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये कप, कुशन आणि तुमचं डोकं मिळून एक छोटी हवाबंद खोली तयार होते. खालच्या सुरांसाठी, म्हणजे तबल्याचा डग्गा, बेस गिटार, भारदस्त पुरुषी आवाजाचा तळ, या खोलीत हवेचा दाब वरखाली व्हावा लागतो. कुकरच्या रिंगखाली भाताचं एक शीत अडकलं तरी वाफ धरत नाही, तसंच इथे होतं. फट लहान असली तरी संथ लयीत बदलणारा दाब तिच्यातून निघून जायला पुरेसा वेळ असतो. वरच्या सुरांत दाब इतक्या झटपट बदलतो की फटीतल्या हवेला हलायलाही सवड मिळत नाही, म्हणून ते जवळपास तसेच ऐकू येतात. जाड काडीमुळे ५० हर्ट्झच्या आसपास आवाज पाच ते दहा डेसिबल उतरलेला मोजणीत दिसणं ही माझ्या टेबलावर नेहमीची गोष्ट आहे. त्याच वेळी १००० हर्ट्झच्या वर फारसं काही हललेलं नसतं.

म्हणून मीटिंगमध्ये समोरच्याचं बोलणं तुम्हाला नीट कळत असेल आणि तरी पंखा त्रास देत असेल. बोलणं समजायला लागणारे सूर मुख्यतः ३०० हर्ट्झच्या वरचे, आणि पंखा, एसी, फ्रिज यांची घरघर त्याखालची. ज्या फटीतून तुमचा बेस बाहेर जातो, तिथूनच ही घरघर आत येते.

नॉईज कॅन्सलिंगवर याचा दुहेरी मार बसतो. ते प्रामुख्याने खालच्याच सुरांवर काम करतं. वरचा गोंगाट अडवायचं काम कुशन आणि कपच्या भिंतींचं. कपच्या आतला मायक्रोफोन घरघर ऐकतो आणि स्पीकर तिच्या उलट दाब तयार करतो. पण फटीतून आत येणारी घरघर जास्त असते, आणि तिला मारायला तयार केलेला दाबही त्याच फटीतून गळतो. शिवाय बोलताना जबडा हलतो, काडी किंचित सरकते, फट लहानमोठी होते. त्यामुळे चष्मेवाल्यांना चघळताना किंवा चालताना कानात फडफड किंवा धपधप ऐकू येते. हेडफोन बिघडले म्हणून असे कितीतरी जण ते घेऊन येतात. आत काहीही बिघडलेलं नसतं.

गळती आहे का आणि नेमकी कुठे, हे घरी तपासता येतं. फोनवर ५० हर्ट्झचा सलग सूर लावा. असे सूर व्हिडिओत आणि टोन जनरेटर ॲपमध्ये सहज मिळतात. आवाज मध्यम ठेवा, नॉईज कॅन्सलिंग बंद, चष्मा घातलेला. मग दोन्ही कप तळहातांनी हलकेच डोक्याकडे दाबा. घुमारा एकदम भरला तर गळती आहे. आता हात काढा आणि एका बोटाने फक्त कुशनची कड दाबत कानाभोवती फिरा. आधी समोर, काडी आत शिरते तिथे, नंतर वर, नंतर कानामागे. जिथे दाबल्यावर घुमारा वाढतो तिथे फट आहे. नॉईज कॅन्सलिंग चालू ठेवून हे करायचं असेल तर कपच्या बाहेरची मायक्रोफोनची छिद्रं हाताखाली झाकू नका. झाकली तर शीळ वाजेल आणि चाचणी फसेल.

बहुतेकांना दोन जागा सापडतात. पहिली समोरची, ती टळत नाही, कारण काडीला आत यायचंच असतं. दुसरी कानामागे. काडीचं टोक कानावरून खाली वळून कपच्या आतच राहिलं तर मागची कड डोक्याला नीट बसते. पण काडी लांब असेल, किंवा जवळजवळ सरळ मागे जाणारी असेल, तर टोक मागच्या कुशनखाली येतं. मग एका बाजूला दोन फटी आणि दाबाच्याही दोन जागा.

आता तुमच्याच बाबतीत हिशेब मांडू. अ‍ॅसिटेटची काडी कानाजवळ साधारण चार ते सहा मिलिमीटर जाड असते. चष्म्याच्या आतल्या बाजूला ५२, १८, १४० असे आकडे छापलेले असतात: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी. आपल्याला हवी असलेली जाडी त्यात नसते. ती व्हर्नियर कॅलिपरने मोजावी लागते, आणि मोजायची जागा बिजागरीपाशी नसून काडी कानावर वळते त्याच्या एक ते तीन सेंटिमीटर पुढे. तिथेच कुशन पडतं. मोजायची ती डोक्यापासून बाहेरच्या दिशेची जाडी. काडीची उंची, म्हणजे बाजूने बघितल्यावर दिसणारी रुंदी, इथे फारशी महत्त्वाची नाही. सात मिलिमीटर उंच पण एक मिलिमीटर जाड टायटॅनियमची पट्टी कुशनखाली जवळपास कळतही नाही. गोल, पाच मिलिमीटरची काडी मात्र नक्की कळते.

तुमची काडी पाच मिलिमीटरची धरू. कुशन नवं असताना त्यातला फोम साधारण वीस मिलिमीटर जाड असतो आणि बँडच्या दाबाने समजा सात मिलिमीटर दबतो. उरले तेरा. काडीवर त्याला आणखी पाच मिलिमीटर दबायचं आहे आणि काडीच्या दोन्ही बाजूंना पुन्हा फुगून डोक्याला टेकायचं आहे. मऊ, हळू उसळणारा मेमरी फोम हे बऱ्यापैकी जमवतो. काडीच्या दोन्ही अंगांना छोटी तिकोनी बोगदी राहतात, पण तीही लहान. तीन वर्षं रोज पाच-सहा तास वापरलेला फोम मात्र बसलेला असतो. त्याची मूळ उंचीच बारा-तेरा मिलिमीटरवर आलेली असू शकते आणि तो कडकही झालेला असतो. त्याला आणखी पाच मिलिमीटर दबायला जागाच नाही. काडीवर सगळा भार येतो आणि बोगदी मोठी होतात. तुम्ही “हल्ली” घरघर वाढली असं लिहिलं आहे, आणि चष्मा तर बदललेला नाही. म्हणूनच मला कुशनचा संशय आहे.

खात्री करायला कुशनचा पुढचा भाग आणि खालचा भाग अंगठ्याने दाबून बघा. पुढचा भाग, जिथे काडी रोज पडते, तिथे कायमची खोबण पडली असेल किंवा अंगठा दाबताच खालचं प्लास्टिक लागत असेल, तर ते कुशन संपलं. वरचं आवरणही बघा. बहुतेक कुशनवर कृत्रिम लेदर असतं आणि त्यातला पॉलियुरेथेनचा थर घामाने आणि दमट हवेने कुजून सुटतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यानंतर अशी सोललेली कुशन नेहमी दिसतात. आवरणाला तडे गेले की फट नसतानाही गळती होते, कारण आतला फोम हवा आरपार जाऊ देणारा असतो. हवा अडवतं ते आवरण. सॅनिटायझर किंवा स्पिरिटने पुसल्यास हे तडे लवकर पडतात. ओलसर कपड्याने पुसून लगेच कोरडं करणं पुरेसं आहे.

कुशन शक्यतो मूळ कंपनीचंच घ्या. बाजारात “एक्स्ट्रा थिक” म्हणून मिळणारी जाड कुशन चष्म्याला आरामदायक वाटतात, पण कान स्पीकरपासून आणि आतल्या मायक्रोफोनपासून लांब जातो, आतल्या खोलीचं माप बदलतं, आणि नॉईज कॅन्सलिंग त्या मापावर बेतलेलं असतं. घरघर वाढते, काही वेळा डोकं हलवलं की शीळ येते. मखमली म्हणजे वेलूरच्या कुशनची गोष्टही तशीच. उन्हाळ्यात घाम कमी येतो, काडीवर ती मऊ बसते, पण कापडातूनच हवा जाते. नॉईज कॅन्सलिंग नसलेल्या हेडफोनला ती चालतील. तुमच्या हेडफोनला मी लावणार नाही.

बँड ताणून सैल करण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. पुस्तकांची चळत डोक्याच्या रुंदीची करायची आणि हेडफोन रात्रभर तिच्यावर चढवून ठेवायचे. धातूच्या पट्टीचा बँड असेल तर दाब थोडा उतरतो, ठणकाही कमी होतो. पण कमी दाबाने फोम काडीभोवती कमी दबतो आणि गळती वाढते. तुम्हाला दोन्ही त्रास आहेत, त्यामुळे हा सौदा महागात पडेल. प्लास्टिकच्या बँडला तर बिजागरीपाशी तडा जाण्याचा धोका आहे.

कुशन बदलूनही ठणका राहिला तर चष्म्याकडे वळा. दुसरी फ्रेम करताना कडक पण पातळ काडी बघा: टायटॅनियम किंवा स्टीलची, कानाजवळ दीड मिलिमीटरच्या आतली. टीआर ९० या लवचीक प्लास्टिकच्या काड्या दोन-तीन मिलिमीटरच्या मिळतात. त्याही चालतील, फक्त त्यांना ऑप्टिशियनने दिलेला वळसा फार दिवस टिकत नाही. काडीवर दगड, लोगोचे उंचवटे किंवा कानाजवळ जाड रबरी टोक नको. ऑप्टिशियनकडे बसाल तेव्हा हेडफोन बरोबर न्या. वळसा कानाच्या माथ्यावर नेमका सुरू व्हावा आणि टोक कानामागे उतरून कपच्या आत राहावं, एवढं सांगून गरम हवेवर काडी जुळवून घ्या. कानाचे कप घालणाऱ्या वैमानिकांसाठी हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकन वायुदलाच्या एचजीयू-४/पी या गॉगलच्या काड्या म्हणूनच पातळ आणि सरळ ठेवलेल्या आहेत, हेल्मेट किंवा हेडसेट न काढता आत सरकवता याव्यात यासाठी. सरळ काडीने मागच्या बाजूला दुसरी फट पडते हे खरं, पण एवढ्या पातळ काडीची फट नगण्य असते.

तुमच्या प्रोग्रेसिव्ह काचांमुळे आणखी एक गोष्ट जपावी लागेल. ठणका टाळायला बरेच जण काडी कानापासून वर उचलून कुशनच्या मऊ भागावर टेकवतात. साध्या नंबराला चालून जातं. तुमच्या काचांचा कल बदलतो, वाचायचा भाग सरकतो, आणि मग स्क्रीन दिसावी म्हणून मान वर धरावी लागते. कानशिलाचा त्रास मानेवर जातो. स्क्रीनच्या अंतरासाठी वेगळा एकाच नंबरचा किंवा कॉम्प्युटरसाठीच्या काचांचा चष्मा पातळ काडीत केला, तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. मला तुमच्यासाठी हाच उपाय सर्वांत चांगला वाटतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून त्या अंतराचा नंबर मात्र तपासून घ्या.

रोज घालताना एक सवय लावा. हेडफोन घातल्यावर एका बोटाने समोरची कड किंचित बाहेर ओढा, कानाजवळचे केस आणि ओढणीची कड बाहेर काढा, काडी कानावर स्थिर बसू द्या आणि मग कड सोडा. केसांची बट अडकली तरी काडीसारखीच फट पडते.

पुढे कधी नवे हेडफोन घ्यायची वेळ आली तर चष्मा घालूनच दुकानात जा आणि किमान वीस मिनिटं ते डोक्यावर ठेवा. पाच मिनिटांत काहीच कळत नाही. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ पडतो आणि ठणका उशिरा येतो. कुशन बोटाने दाबा: ते सहज खोल जावं आणि सावकाश वर यावं. रबरासारखं झटकन उसळणारं कुशन काडीला मानवत नाही. कपच्या आतली जागा अशी हवी की कानाबरोबर काडीचं टोकही आत मावेल. कप आडवा आणि उभा, दोन्ही बाजूंनी झुकणारा हवा, म्हणजे काडीने पुढची कड उचलली तरी मागची डोक्यावरून सुटत नाही. वजन वेगळं आणि आवळपणा वेगळा, हेही लक्षात घ्या. सोनीचे एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचे, अ‍ॅपलचे एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचे. पण वजन टाळूवर जाणवतं. काडीवर जाणवतो तो बँडचा दाब आणि कुशनचा कडकपणा.

काही कंपन्यांनी चष्म्याचा वेगळा विचार केलेला आहे. गेमिंग हेडसेट बनवणाऱ्या टर्टल बीचच्या ‘प्रोस्पेक्स’ कुशनमध्ये काडी जाते त्या पट्ट्यात जास्त मऊ फोम असतो. दाबावर हा सर्वांत सरळ इलाज आहे. सोनीच्या एक्सएम३ आणि एक्सएम४ मध्ये नॉईज कॅन्सलिंग ऑप्टिमायझर आहे. त्यात हेडफोन एक चाचणीचा आवाज काढून केस, चष्मा यांमुळे पडणारा फरक मोजतात. तुमचे हेडफोन त्यांतले असतील तर चष्मा घालूनच ते चालवा, आणि कुशन बदलल्यावर पुन्हा चालवा. एअरपॉड्स मॅक्स आतल्या मायक्रोफोनने ऐकून बेस आपोआप भरून काढतात. अशा सोयींनी गाण्यातला हरवलेला बेस बराच परत येतो. फटीतून येणारा बाहेरचा गोंगाट मात्र त्या पूर्ण थांबवू शकत नाहीत, आणि काडीवरचा दाब तर त्यांच्या हातातच नाही.

ऑन-इअर, म्हणजे कानावर टेकणारे छोटे हेडफोन चष्म्याबरोबर घेऊ नका. ते कानाची पाळी काडीवर दाबतात आणि ठणका अर्ध्या वेळात येतो. उघड्या पाठीच्या हेडफोनना फटीचा त्रास कमी, पण ते वायरलेस क्वचित मिळतात आणि पंखा अडवत नाहीत. कुशन आणि काडी दोन्ही बदलूनही ठणका तासाभरात येतच राहिला, तर तुमचं कानशील दाबाला जास्त नाजूक आहे असं समजा आणि लांब मीटिंगसाठी कानात बसणारे नॉईज कॅन्सलिंग इअरबड वापरा. त्यांची पकड कानाच्या भोकाशी असते, काडीशी त्यांचा संबंध येत नाही. पाच-सहा तास सलग मात्र तेही घालू नका, भोकात घाम आणि मळ साठतो.